चालकाकडे चुकीच्या वर्गाचे लायसन्स असताना विमा कंपनीची लेखी कैफियत कशी लिहावी

मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाची नोटीस विमा कंपनीला मिळते आणि कंपनीच्या पॅनेलवरील वकिलाकडे ती फाईल येते, तेव्हा नव्या वकिलाच्या हाती बहुधा एक जुना नमुना असतो. त्या नमुन्यात अपघात नाकारलेला असतो, पॉलिसी नाकारलेली असते, उत्पन्न नाकारलेले असते आणि कुठेतरी मध्येच ‘चालकाकडे वैध व प्रभावी लायसन्स नव्हते’ असे एक वाक्य असते. एवढ्या एका वाक्यावर कंपनीची जबाबदारी सुटत नाही आणि मालकाकडून वसुलीचा हक्कही मिळत नाही. पॉलिसीच्या अटींचा भंग हा बचाव नेमका मांडावा लागतो आणि पुराव्याने सिद्ध करावा लागतो. लायसन्सचा वर्ग चुकीचा असणे हा भंग नेहमी आढळतो, म्हणून तोच घेऊन नोटिशीपासून वसुलीपर्यंतचा क्रम येथे मांडला आहे.

उदाहरणासाठी एक काल्पनिक दावा घेऊ. १२ फेब्रुवारी २०२४ रोजी शिरूरजवळ एका मालवाहू ट्रकने दुचाकीस्वाराला मागून धडक दिली आणि त्याचा मृत्यू झाला. ट्रकचे नोंदणीकृत ढोबळ वजन १८,५०० किलो आहे. चालकाजवळ लायसन्स होते, पण ते फक्त हलक्या मोटार वाहनाचे होते. मृताची पत्नी, दोन मुले आणि आई यांनी मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १६६ खाली पुण्याच्या न्यायाधिकरणात अर्ज केला. चालक सामनेवाला क्रमांक १, मालक क्रमांक २ आणि विमा कंपनी क्रमांक ३ आहे. पॉलिसी अपघाताच्या दिवशी चालू होती.

पहिली पायरी: आधी कागद, मग लेखन

नोटीस हाती पडल्यावर प्रथम हजर राहण्याची तारीख पाहावी, त्या तारखेला वकीलपत्र दाखल करावे आणि अर्जासोबतच्या सर्व कागदांच्या नकला मागून घ्याव्यात. कैफियतीविना दावा पुढे चालवण्याचा आदेश झाला, तर तो रद्द करून घेण्यासाठी अर्ज करावा लागतो, बहुधा खर्चही भरावा लागतो, आणि मधल्या काळात अर्जदाराचा सरतपास झालेला असू शकतो.

त्यानंतर कंपनीच्या कार्यालयातून पॉलिसीची पूर्ण प्रत मागवावी. पूर्ण म्हणजे केवळ विमा प्रमाणपत्राचे पान नव्हे, तर शर्ती व अपवाद असलेला भागसुद्धा. चालकासंबंधीचे कलम या प्रमाणपत्रावरच छापलेले असते. वाहन चालवणाऱ्या व्यक्तीकडे अपघाताच्या वेळी प्रभावी लायसन्स असले पाहिजे आणि ती व्यक्ती लायसन्स धारण करण्यास अपात्र ठरवलेली नसावी, असा त्याचा आशय असतो. ज्या अटीचा भंग झाला असे आपण म्हणणार आहोत, तिचे शब्द कैफियतीत जसेच्या तसे आले पाहिजेत.

पोलिसांच्या कागदांत प्रथम खबर अहवाल, घटनास्थळाचा पंचनामा आणि दोषारोपपत्र हे तीन कागद बारकाईने वाचावेत. १ एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या केंद्रीय नियमांनुसार तपास अधिकाऱ्याने न्यायाधिकरणाला पाठवायचा सविस्तर अपघात अहवालही असतो, आणि त्यात चालक, मालक, लायसन्स व विमा यांचा तपशील येतो. दोषारोपपत्रात चालकावर कलम ३ सह १८१ आणि मालकावर कलम ५ सह १८० लावलेले आहे का, हे पाहावे. लावलेले असेल तर बचावाला आधार मिळतो, पण त्याने भंग सिद्ध होत नाही. लावलेले नसेल तर अर्जदाराचे वकील उलटतपासात ते विचारणारच, म्हणून आपला पुरावा पोलिसांच्या निष्कर्षावर टेकलेला नसावा.

दुसरी पायरी: हा बचाव कायद्याने मिळतो का, हे तपासणे

अटींचा प्रत्येक भंग तिसऱ्या पक्षाविरुद्ध चालत नाही. कंपनीला कोणते बचाव घेता येतात, याची मर्यादित यादी कायद्यातच आहे. १ एप्रिल २०२२ पूर्वीच्या अपघातांना ती कलम १४९(२) मध्ये आणि त्यानंतरच्या अपघातांना कलम १५०(२) मध्ये पाहावी. आपला अपघात २०२४ चा आहे, म्हणून कैफियतीत कलम १५०(२) लिहायचे. जुन्या नमुन्यातून १४९(२) तसेच उतरवले जाणे ही नेहमी दिसणारी चूक आहे. योग्य लायसन्स नसलेल्या व्यक्तीने वाहन चालवणे, परमिटमध्ये परवानगी नसलेल्या कारणासाठी वाहन वापरणे हे भंग यादीत आहेत. अपघाताची खबर कंपनीला उशिरा दिली किंवा पीयूसी प्रमाणपत्र नव्हते, ही कारणे त्या यादीत नाहीत. अशा कारणांनी कैफियतीची पाने भरली की खरा मुद्दा झाकला जातो.

लायसन्सच्या वर्गाबाबत आणखी एक गाळणी लावावी लागते. सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ६ नोव्हेंबर २०२४ रोजी बजाज अलायन्झ विरुद्ध रंभादेवी या प्रकरणात ठरवले की, हलक्या मोटार वाहनाचे लायसन्स असणारी व्यक्ती ७,५०० किलोपर्यंत ढोबळ वजनाचे परिवहन वाहन वेगळ्या शेऱ्याशिवाय चालवू शकते. त्यामुळे छोटा टेम्पो, पिकअप किंवा प्रवासी रिक्षा यांच्या बाबतीत केवळ ‘ट्रान्सपोर्टचा शेरा नव्हता’ हा बचाव आता उरलेला नाही. असा बचाव तरीही दाखल केला, तर निकाल विरोधात जातोच, शिवाय आपल्या इतर म्हणण्यावरचा विश्वासही कमी होतो. आपल्या उदाहरणातील ट्रक १८,५०० किलोचा असल्याने तो या निर्णयाच्या कक्षेबाहेर आहे. म्हणून लायसन्स पाहण्याआधी वाहनाच्या नोंदणी प्रमाणपत्रावरील ढोबळ वजन पाहावे. रिकाम्या वाहनाचे वजन वेगळ्या रकान्यात असते, आणि नवखे वकील घाईत तेच उचलतात.

तिसरी पायरी: लायसन्सची पडताळणी

ही पायरी जितकी काटेकोर होईल, तितकी कैफियत भक्कम होते. दोषारोपपत्रातील लायसन्स क्रमांकावरून सारथी संकेतस्थळावर माहिती पाहता येते, पण ती आपल्या माहितीसाठी समजावी. न्यायाधिकरणासमोर ज्या परिवहन कार्यालयाने लायसन्स दिले, तेथील प्रमाणित उतारा हवा. केवळ छापील स्क्रीनप्रत दाखल करायची झाली, तर इलेक्ट्रॉनिक पुराव्याचे प्रमाणपत्र जोडावे लागते. १ जुलै २०२४ पासून ते भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खाली येते.

उताऱ्यात तीन गोष्टी जुळवून पाहाव्यात. लायसन्सधारक आणि दोषारोपपत्रातील चालक एकच आहेत का, म्हणजे नाव, वडिलांचे नाव, जन्मतारीख आणि पत्ता जुळतो का. दुसरे, प्रत्येक वर्ग कोणत्या तारखेला दिला गेला. आज पडताळणी केली आणि उताऱ्यात परिवहन वाहनाचा वर्ग दिसला, तरी तो अपघातानंतर घेतलेला असू शकतो. याच्या उलटही घडते: अपघाताच्या दिवशी असलेल्या वर्गाची मुदत नंतर संपलेली असते आणि वकील आजची स्थिती पाहून बचाव घेतो. आपल्याला १२ फेब्रुवारी २०२४ या दिवसाची स्थिती हवी आहे. तिसरे, त्याच व्यक्तीच्या नावे दुसऱ्या कार्यालयाचे किंवा दुसऱ्या राज्याचे लायसन्स आहे का. मालक साक्षीच्या वेळी असे दुसरे लायसन्स पुढे करतो आणि कंपनीचा सगळा बचाव एका दुपारी कोसळतो. म्हणून कैफियत लिहिण्याआधीच कंपनीने मालकाला, पॉलिसीवरील पत्त्यावर, चालकाचे लायसन्स व नोकरीचा तपशील हजर करण्याची नोटीस नोंदणीकृत टपालाने पाठवावी. तिची प्रत, टपालाची पावती आणि पोच जपून ठेवावी. मालक उत्तर देतो की गप्प राहतो, या दोन्हींचा पुढे उपयोग होतो.

चौथी पायरी: मालकाचे ज्ञान मांडणे

कैफियतीचा गाभा येथे आहे. नॅशनल इन्शुरन्स विरुद्ध स्वरणसिंग या २००४ च्या निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, चालकाकडे योग्य लायसन्स नव्हते एवढे दाखवणे कंपनीला पुरत नाही. भंग सिद्ध करण्याचा भार कंपनीवर आहे, आणि विमाधारकाने निष्काळजीपणा केला किंवा योग्य लायसन्स असलेल्या व्यक्तीच्या हाती वाहन देण्याची वाजवी काळजी घेतली नाही, हेही तिने सिद्ध केले पाहिजे. लायसन्सबाबतचा भंग अपघाताला कारणीभूत ठरण्याइतका मूलभूत होता का, हा प्रश्नही त्याच निर्णयातून येतो.

येथे बनावट लायसन्स आणि चुकीच्या वर्गाचे लायसन्स यांतला फरक समजून घ्यावा. लायसन्स बनावट असेल, तर मालकाने ते पाहिले, ते खरे दिसले आणि त्याने चालकाला गाडी चालवताना पारखून कामावर ठेवले, असे म्हणण्यास त्याला जागा असते. मालकाने प्रत्येक वेळी परिवहन कार्यालयात जाऊन खातरजमा करावी, अशी अपेक्षा न्यायालयांनी ठेवलेली नाही. वर्ग चुकीचा असेल तेव्हा ही सबब टिकत नाही, कारण वर्ग लायसन्सवरच छापलेला असतो. मालकाने ते पाहिले असेल, तर त्याला ते ट्रकसाठी चालत नाही हे कळले होते. पाहिलेच नसेल, तर त्याने वाजवी काळजी घेतली नाही. दोन्ही वाटा मालकाच्या जबाबदारीकडेच जातात, आणि हा युक्तिवाद कैफियतीत स्पष्ट शब्दांत आला पाहिजे. निकालाच्या वेळी तोंडी युक्तिवादात प्रथमच केलेल्या म्हणण्याला आधारभूत कथन नसेल, तर त्यावरचा पुरावाही बाजूला पडू शकतो.

आता कमकुवत आणि योग्य कथन शेजारी ठेवून पाहू. कमकुवत कथन असे असते: ‘सदर वाहनाच्या चालकाकडे अपघातसमयी वैध व प्रभावी लायसन्स नव्हते, सबब कंपनी जबाबदार नाही.’ यात कोणता वर्ग, कोणते वाहन, मालकाचा संबंध काय, यातले काहीच नाही. योग्य कथन साधारण असे होईल:

‘दि. १२/०२/२०२४ रोजी अपघाताच्या वेळी सामनेवाला क्र. १ हे १८,५०० किलो ढोबळ वजनाचे अवजड मालवाहू वाहन चालवत होते. त्यांना देण्यात आलेले लायसन्स केवळ हलक्या मोटार वाहनासाठी होते व त्या दिवशी त्यावर परिवहन वाहनाचा वर्ग नोंदवलेला नव्हता. लायसन्सचा वर्ग लायसन्सवरच नमूद असल्याने सामनेवाला क्र. २ यांना ही बाब माहीत होती, अथवा वाजवी काळजी घेतली असती तर माहीत झाली असती. असे असूनही त्यांनी सदर वाहन सामनेवाला क्र. १ यांच्या ताब्यात दिले. कंपनीने दि. … रोजीच्या नोटिशीने लायसन्स हजर करण्यास कळवूनही सामनेवाला क्र. २ यांनी ते हजर केले नाही. अवजड वाहन चालवण्याची पात्रता नसणे हे सदर अपघाताचे एक कारण आहे. सबब सामनेवाला क्र. २ यांनी पॉलिसीच्या चालकाविषयीच्या अटीचा जाणीवपूर्वक भंग केला असून अधिनियमाच्या कलम १५०(२) अन्वये कंपनी हा बचाव घेत आहे.’

शेवटून दुसरे वाक्य लिहिताना घटना पाहावी. ट्रक वळणावर किंवा उतारावर अनावर झाला असेल, तर त्या वाक्याला वजन येते. ट्रक उभा असताना दुचाकी येऊन धडकली असेल, तर ते वाक्य लिहू नये, कारण तेथे भंगाचा अपघाताशी संबंध जोडता येत नाही.

पाचवी पायरी: बाकीची कैफियत

बाकीचा मजकूर थोडक्यात उरकता येतो, फक्त त्यात विसंगती नसावी. पॉलिसी चालू असेल, तर ती अटींच्या अधीन राहून मान्य करावी. पॉलिसी नाकारायची आणि त्याच पॉलिसीच्या अटीचा भंग झाला असेही म्हणायचे, या दोन गोष्टी एकत्र टिकत नाहीत. दोषारोपपत्राचा आधार लायसन्ससाठी घ्यायचा असेल, तर त्याच दोषारोपपत्रातील अपघाताची घटना सरसकट नाकारू नये. दुचाकीस्वाराची अंशतः चूक होती असे म्हणायचे असल्यास पंचनाम्यातील नेमक्या नोंदी देऊन म्हणावे. अर्जदाराचे वय, नाते, उत्पन्न यांतले जे कागदाने सिद्ध दिसते, ते नाकारून काही साधत नाही. मृताच्या कुटुंबाला साध्या गोष्टी सिद्ध करण्यासाठी वर्षभर फेऱ्या मारायला लावणे हा बचाव नव्हे, आणि कंपनीवरचे व्याजही त्याच काळात वाढत असते.

भरपाईची रक्कम आणि निष्काळजीपणा यांवर वाद घालण्याची मुभा वेगळ्या नियमाने चालते. चालक व मालक गैरहजर असतील किंवा अर्जदाराशी संगनमत करत असतील, तर कलम १७० खाली स्वतंत्र अर्ज करून सर्व मुद्द्यांवर लढण्याची परवानगी घ्यावी आणि त्यावर कारणांसह आदेश मिळवावा. युनायटेड इंडिया विरुद्ध शीला दत्ता या २०११ च्या निर्णयानुसार अर्जदारानेच कंपनीला सामनेवाला म्हणून पक्षकार केले असेल, तर ही परवानगी लागत नाही. तरीही तो अर्ज करून ठेवणे मला शहाणपणाचे वाटते, कारण अपिलात हा वाद पुन्हा निघाल्यास एक आदेश हाती असतो.

विनंतीच्या परिच्छेदात दोन मागण्या हव्यात. पहिली, कंपनीविरुद्धचा अर्ज फेटाळावा. दुसरी आणि पर्यायी, भरपाई कंपनीने प्रथम द्यावी असे न्यायाधिकरणाचे मत झाल्यास, ती रक्कम व्याजासह सामनेवाला क्रमांक २ कडून याच कार्यवाहीत वसूल करण्याची मुभा द्यावी. नव्या वकिलांना दुसरी मागणी म्हणजे पराभवाची कबुली वाटते, म्हणून ते ती गाळतात. प्रत्यक्षात रस्त्यावरील तिसऱ्या पक्षाच्या दाव्यात न्यायालये बहुधा ‘आधी द्या, मग वसूल करा’ असाच आदेश देतात. पप्पू विरुद्ध विनोद कुमार लांबा या २०१८ च्या निर्णयात मालकाने लायसन्स सिद्ध केले नव्हते, तरी सर्वोच्च न्यायालयाने कंपनीला प्रथम भरपाई देऊन मालकाकडून वसुली करण्यास सांगितले. म्हणजे आपल्या कैफियतीतून कंपनीला मिळणारे खरे फळ बहुतेक वेळा वसुलीचा हक्क हेच असते, आणि सर्व कथने त्या दिशेने लिहिली पाहिजेत. मात्र हा मार्ग जुन्या कलम १४९ च्या शब्दांवर उभा राहिला आहे आणि नवे कलम १५० शब्दशः तसेच नाही. म्हणून १ एप्रिल २०२२ नंतरच्या अपघातात हा परिच्छेद लिहिण्याआधी आपल्या उच्च न्यायालयाचे ताजे निर्णय पाहूनच शब्द ठरवावेत.

सहावी पायरी: मुद्दे आणि पुरावा

मुद्दे निश्चित होताना ‘विमाधारकाने पॉलिसीच्या अटींचा भंग केल्याचे सामनेवाला क्र. ३ सिद्ध करतात काय?’ असा मुद्दा आला आहे ना, हे पाहावे. नसेल, तर तो घालण्यासाठी त्याच दिवशी अर्ज द्यावा.

त्यानंतर परिवहन कार्यालयातील संबंधित कर्मचाऱ्याला लायसन्सच्या आणि नोंदणीच्या अभिलेखासह साक्षी समन्स काढावे. त्याच्याकडून तीनच गोष्टी घ्याव्यात: या क्रमांकाचे लायसन्स कोणाला दिले, अपघाताच्या दिवशी त्यावर कोणते वर्ग होते, आणि ट्रकचे ढोबळ वजन किती. उताऱ्यांना निशाणी क्रमांक पडल्याशिवाय साक्षीदाराला सोडू नये. कंपनीचा अधिकारी शपथपत्रावर पॉलिसी, मालकाला पाठवलेली नोटीस आणि टपालाचे कागद सिद्ध करतो. कंपनीच्या तपासनिसाचा अहवाल दाखल करायचा असेल, तर तपासनिसालाच साक्षीला उभे करावे लागते, नाहीतर तो अहवाल फाईलमध्ये नुसता पडून राहतो.

शेवटी मालक. तो हजर असेल, तर त्याला उलटतपासात थेट विचारावे: चालकाला कामावर कधी ठेवले, लायसन्स पाहिले का, त्याची प्रत ठेवली का, त्यावर कोणता वर्ग लिहिला होता. ‘पाहिले होते, बरोबर वाटले’ असे उत्तर आले की निशाणी पडलेला उतारा पुढे ठेवून वर्ग वाचून घ्यावा. मालक गैरहजर असेल, तर कंपनीने त्याला आपल्या वतीने साक्षी समन्स काढावे. समन्स बजावूनही तो आला नाही आणि आधीच्या नोटिशीलाही त्याने उत्तर दिले नाही, तर त्याच्याविरुद्ध प्रतिकूल अनुमान काढावे, असा युक्तिवाद करता येतो. हे समन्स न काढल्यामुळे चांगला बचाव वाया गेल्याची उदाहरणे मी फार पाहिली आहेत. त्या निकालांत एक वाक्य नेहमी असते की, कंपनीने मालकाचे ज्ञान सिद्ध करण्यासाठी कोणताही पुरावा दिला नाही.

निकालानंतर

न्यायाधिकरणाने वसुलीची मुभा दिली, तर कंपनीला मालकाविरुद्ध वेगळा दिवाणी दावा करावा लागत नाही. ओरिएंटल इन्शुरन्स विरुद्ध नंजप्पन या २००४ च्या निर्णयानुसार त्याच न्यायाधिकरणासमोर अंमलबजावणीची कार्यवाही करता येते, आणि मालकाकडून तारण घेण्यास किंवा अपघातग्रस्त वाहन जप्त करण्यास न्यायाधिकरणाला सांगता येते. कलम १७४ खाली जिल्हाधिकाऱ्यांकडे वसुली प्रमाणपत्र पाठवण्याचा मार्गही आहे. रक्कम जमा केल्याची पावती, व्याजाचा हिशेब आणि मालकाच्या नावावरील वाहनांची सध्याची नोंद एवढे जोडून हा अर्ज रक्कम भरल्यानंतर लगेच करावा, कारण उशीर झाला की ट्रक तोवर दुसऱ्याच्या नावावर गेलेला असतो.